फी कमी पडली, व्यवहार अडकला

बिटकॉइनचा व्यवहार 'Send' हे बटण दाबल्याबरोबर पूर्ण होत नाही. त्या क्षणी वॉलेट फक्त एक छोटा मजकूर तयार करते. कोणती जुनी रक्कम खर्च करायची, ती कोणत्या पत्त्यावर किती जायची, एवढेच त्यात असते आणि खाली मालकाची डिजिटल सही असते. हा मजकूर इंटरनेटवरून जगभरच्या हजारो संगणकांपर्यंत काही सेकंदांत पोचतो. या संगणकांना नोड म्हणतात. घेणाऱ्याच्या वॉलेटमध्येही रक्कम दिसू लागते, पण तिच्यापुढे 'Unconfirmed' असा शब्द असतो. व्यवहार एखाद्या ब्लॉकमध्ये लिहिला गेला की मगच तो पक्का झाला असे मानतात. सरासरी दर दहा मिनिटांनी एक ब्लॉक तयार होतो. त्यामुळे साधारण दिवशी हे काम चहा होईपर्यंत उरकते. फी कमी लावलेली असेल आणि त्याच वेळी गर्दी उसळली असेल, तर मात्र तोच शब्द सहा तास, दोन दिवस, कधी आठवडाभरही पडद्यावरून हलत नाही.

या मधल्या काळात व्यवहार जिथे थांबतो त्या जागेला मेमपूल म्हणतात. मेमपूल एकच एक नसतो. प्रत्येक नोड स्वतःच्या स्मृतीत ब्लॉकमध्ये न गेलेल्या व्यवहारांचा आपापला साठा ठेवतो. हे साठे बरेचसे सारखे असतात, पण तंतोतंत एकच नसतात. मायनर, म्हणजे ब्लॉक तयार करणारे, आपल्या साठ्यातून व्यवहार उचलतात. एका ब्लॉकमध्ये साधारण १० लाख व्हर्च्युअल बाइट मावतात. कोण आधी आले याला येथे काही किंमत नाही. दर बाइटमागे जो जास्त फी देतो त्याचा व्यवहार आधी उचलला जातो, कारण त्या मर्यादित जागेतून मायनरला जास्तीत जास्त फी मिळवायची असते. म्हणून तासभर थांबलेल्या व्यवहाराच्या पुढे आताच आलेला व्यवहार सहज जातो.

फी मोजण्याची पद्धत बँकेची सवय असलेल्या माणसाला सुरुवातीला चकवते. पाठवलेल्या रकमेशी तिचा काही संबंध नसतो. कुरिअरवाला पार्सलचे वजन पाहतो, आतल्या वस्तूची किंमत पाहत नाही, तसेच हे आहे. बिटकॉइनमध्ये वजन म्हणजे व्यवहाराचा आकार. तो व्हर्च्युअल बाइटमध्ये मोजतात आणि दर सातोशीमध्ये सांगतात. एका बिटकॉइनचे १० कोटी सातोशी होतात. पडद्यावर हा दर 'sat/vB' असा दिसतो. वॉलेटमध्ये रक्कम एकाच तुकड्यात असेल तर व्यवहार लहान होतो. पन्नास ठिकाणांहून आलेले छोटे तुकडे गोळा करून द्यायचे असतील तर तो कित्येक पट फुगतो. अशा वेळी थोड्या पैशांसाठीही फी जास्त पडते.

मे २०२३ मधल्या पहिल्या पंधरवड्यात हे जगभर अनेकांच्या अनुभवाला आले. बिटकॉइनच्या साखळीवर BRC-20 नावाची नवी टोकन छापण्याची लाट आली होती आणि त्या छपाईचा प्रत्येक टप्पा हा एक वेगळा व्यवहार होता. मेमपूलमध्ये थांबलेल्या व्यवहारांची संख्या चार लाखांच्या घरात गेली. नव्या ब्लॉकबद्दल मायनरला तेव्हा ६.२५ बिटकॉइनचे ठरलेले बक्षीस मिळत असे. काही ब्लॉकमध्ये नुसत्या फीची बेरीज त्या बक्षिसापेक्षाही जास्त झाली. आदल्या महिन्यात पुरेसा असलेला दर अशा दिवसांत रांगेच्या तळाशी जाऊन बसतो. एप्रिल २०२४ मध्ये बक्षीस निम्मे झाले, त्याच ब्लॉकपासून रून्स नावाची टोकन सुरू झाली आणि फीचे दर पुन्हा तसेच भडकले.

अशा दिवसातला एक व्यवहार उदाहरणादाखल घेऊ. समजा, एका वॉलेटमध्ये ५० लाख सातोशींचा, म्हणजे ०.०५ बिटकॉइनचा, एकच तुकडा आहे. त्यातून ३० लाख सातोशी कुणाला तरी द्यायचे आहेत. बिटकॉइनमध्ये तुकडा अर्धा खर्च करता येत नाही. पाचशेची नोट देऊन दोनशे परत घ्यावे तसा पूर्ण तुकडा मोडावा लागतो आणि उरलेली मोड मालकाच्याच नव्या पत्त्यावर परत येते. आजच्या प्रचलित पत्त्यांवर असा व्यवहार साधारण १४१ व्हर्च्युअल बाइटचा होतो. पाठवणाऱ्याने दर ८ ठेवला. १४१ गुणिले ८, म्हणजे फी १,१२८ सातोशी झाली आणि मोड १९,९८,८७२ सातोशी उरली. सकाळी हा दर पुरेसा होता. दुपारपर्यंत पुढच्या ब्लॉकमध्ये जाण्याचा दर ६० वर गेला आणि व्यवहार अडकला.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी लागते, कारण पुढचे सगळे उपाय तिच्यावरच उभे आहेत. 'पैसे मध्येच अडकले' असे बोलण्यात येते, पण अडकायला मध्ये कुठलीच जागा नाही. साखळीच्या नोंदीत ते ५० लाख सातोशी अजून पाठवणाऱ्याच्याच नावावर आहेत. हिंडतो आहे तो फक्त सही केलेला आदेश. एक तुकडा एकदाच खर्च करता येतो, असा या व्यवस्थेचा मूळ नियम आहे. त्याच तुकड्यावर दोन आदेश निघाले, तर ज्याची नोंद ब्लॉकमध्ये आधी होईल तो खरा ठरतो आणि दुसरा कायमचा रद्द होतो.

पहिला मार्ग थांबण्याचा. किती थांबावे लागेल याचा अंदाज बांधता येतो. mempool.space सारख्या संकेतस्थळावर व्यवहाराचा ६४ अक्षरांचा क्रमांक, म्हणजे txid, टाकला की त्याचा दर दिसतो आणि त्याहून चढ्या दराचे किती व्यवहार पुढे आहेत तेही कळते. समजा, ८ पेक्षा जास्त दराचा ४ कोटी व्हर्च्युअल बाइटचा माल पुढे आहे. एका ब्लॉकमध्ये १० लाख मावतात, म्हणजे ४० ब्लॉक लागतील आणि वेळ होईल पावणेसात तासांच्या आसपास. पण हे गणित नवे कोणी आलेच नाही असे धरून केलेले असते. खऱ्या मेमपूलमध्ये दर मिनिटाला नवे व्यवहार पुढे घुसत राहतात. म्हणून नुसत्या रांगेच्या लांबीपेक्षा ती वाढते आहे की घटते आहे हे पाहणे जास्त उपयोगाचे ठरते. शनिवार-रविवारी गर्दी बहुधा ओसरते आणि शुक्रवारी अडकलेले बरेच व्यवहार सोमवारच्या आत आपोआप सुटतात.

दहा मिनिटे ही सरासरी आहे, वेळापत्रक नव्हे, हेही थांबणाऱ्याला माहीत असलेले बरे. ब्लॉक सापडणे हा नशिबाचा खेळ आहे. कधी दोन मिनिटांत दोन ब्लॉक येतात, तर कधी चाळीस मिनिटे एकही येत नाही. साधारण वीस ब्लॉकमागे एकदा अर्ध्या तासाहून मोठे अंतर पडते, म्हणजे दिवसातून सातेक वेळा. तेवढ्यात घाबरून काही करण्याची गरज नसते. दर पुरेसा असूनही व्यवहार थांबला असेल, तर बहुधा पुढचा ब्लॉक यायलाच उशीर झालेला असतो.

फार दिवस गेले तर नोड व्यवहार विसरतात. बहुसंख्य नोड बिटकॉइन कोअर हे सॉफ्टवेअर वापरतात. ते न बदलता ठेवले तर मेमपूलला ३०० मेगाबाइटपर्यंत स्मृती वापरू दिली जाते आणि १४ दिवसांहून जुना व्यवहार काढून टाकला जातो. गर्दी फार झाली तर १४ दिवस होण्याचीही वाट पाहिली जात नाही, सर्वांत कमी दराचे व्यवहार आधी बाहेर फेकले जातात. मग वॉलेटमधली रक्कम पुन्हा मोकळी दिसू लागते आणि व्यवहार रद्द झाला असे वाटते. हा समज महागात पडू शकतो. नोडने आदेश विसरला तरी त्यावरची सही खोटी होत नाही. ज्याच्याकडे त्या मजकुराची प्रत आहे असा कोणीही, घेणारासुद्धा, तो पुन्हा जाळ्यात सोडू शकतो. अशा वेळी पाठवणाऱ्याने घाईघाईने दुसऱ्याच तुकड्यातून तीच रक्कम नव्याने पाठवली, तर दोन्ही आदेशांना आपापला तुकडा मिळतो. दोन्ही ब्लॉकमध्ये जातात आणि एकाच देण्याचे पैसे दोनदा दिले जातात. वॉलेट पुसून पुन्हा बसवल्यानेही नेमका हाच धोका उभा राहतो. नवा व्यवहार करायचाच असेल, तर जुन्यातला निदान एक तुकडा त्यात असलाच पाहिजे. तसे केले की दोनांपैकी एकच खरा ठरू शकतो.

हीच युक्ती रीतसर वापरणे हा दुसरा मार्ग. त्याला रिप्लेस-बाय-फी म्हणतात आणि बोलताना RBF एवढेच म्हटले जाते. त्याच तुकड्यावर, त्याच घेणाऱ्याच्या नावे, चढ्या फीचा नवा आदेश काढायचा. नोड जुना टाकून नवा धरतात. उदाहरणातल्या व्यवहाराचा दर ६० करायचा तर नवी फी १४१ गुणिले ६०, म्हणजे ८,४६० सातोशी होते. घेणाऱ्याला ३० लाखच मिळतात. वाढीव फी मोडीतून जाते आणि मोड १९,९१,५४० उरते. जुनी १,१२८ सातोशींची फी वेगळी द्यावी लागत नाही, कारण तो आदेश कधी ब्लॉकमध्ये जातच नाही.

नोड असा बदल काही अटींवरच स्वीकारतात. नव्या आदेशाची एकूण फी जुन्यापेक्षा जास्त हवी, शिवाय नव्या आदेशाच्या प्रत्येक व्हर्च्युअल बाइटमागे १ सातोशीची भर हवी, अशी प्रथा अनेक वर्षे होती. उदाहरणात त्या प्रथेनुसार ही किमान रक्कम १,१२८ अधिक १४१, म्हणजे १,२६९ सातोशी होते. एवढी वाढ केली तर नोड नाही म्हणत नाही, पण दर ८ चा ९ होतो आणि व्यवहार जिथे होता तिथेच राहतो. एकेक पायरी चढत पाच वेळा फी वाढवत बसण्यापेक्षा पुढच्या दोन-तीन ब्लॉकचा दर पाहून एकदाच नेमकी वाढ करणे शहाणपणाचे आहे.

ही सोय २०१६ मध्ये बिटकॉइन कोअरमध्ये आली तेव्हा आदेश काढतानाच तो बदलता येईल अशी खूण त्यात ठेवावी लागे. खूण नसेल तर बहुतेक नोड बदली आदेश नाकारत. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या २८.० या आवृत्तीपासून खूण नसलेले आदेशही बदलता येतील असे मूळ ठेवणीतच आहे, त्यामुळे ही अडचण आता फारशी उरलेली नाही. मात्र वॉलेटमध्ये सोय असावी लागते. इलेक्ट्रम या वॉलेटमध्ये अडकलेल्या व्यवहारावर उजवी टिचकी मारली की 'Increase fee' असा पर्याय दिसतो. बिटकॉइन कोअर आज्ञा टाइप करून वापरणाऱ्यासाठी एकच ओळ पुरते, त्यात `txid` च्या जागी आपल्या व्यवहाराचा क्रमांक लिहायचा:

```
bitcoin-cli -named bumpfee txid="txid" fee_rate=60
```

याच मार्गाने व्यवहार रद्दही करता येतो. त्याच तुकड्यावर चढ्या फीचा आदेश काढून पूर्ण रक्कम स्वतःच्याच पत्त्यावर वळवायची. पण ही शर्यत असते. बदली आदेश सर्वत्र पोचण्याच्या आत एखाद्या मायनरने जुनाच आदेश ब्लॉकमध्ये घेतला, तर रद्द करण्याचा प्रयत्न फसतो. उलट बाजूने, दुकानदाराने 'Unconfirmed' रक्कम पाहून माल का देऊ नये याचेही कारण हेच आहे.

तिसरा मार्ग घेणाऱ्यालाही खुला असतो. चाइल्ड-पेज-फॉर-पेरेंट हे त्याचे नाव, म्हणजे लेकराने आईबापाची फी भरायची. अडकलेल्या व्यवहारातून येणारी रक्कम पक्की होण्याआधीच एका नव्या व्यवहारात खर्च करायची आणि त्या नव्या व्यवहाराला घसघशीत फी लावायची. मायनरला ती फी हवी असेल तर आधीचा व्यवहार ब्लॉकमध्ये घेतल्यावाचून गत्यंतर नसते, कारण लेकराचा पैसा त्यातूनच येतो. म्हणून तो दोघांचा एकत्रित दर पाहतो.

नेमके येथेच बहुतेकांचे गणित चुकते. अडकलेल्या व्यवहाराचा आकार १४१ आहे. पाठवणाऱ्याने आपली मोड स्वतःच्याच पत्त्यावर पुन्हा पाठवली तर लेकराचा आकार साधारण ११० होतो. वॉलेट ६० दर सुचवते म्हणून लेकराला ६० लावला तर त्याची फी ६,६०० होते. जुन्या १,१२८ सह बेरीज ७,७२८, आणि ती २५१ व्हर्च्युअल बाइटवर वाटली की दर जेमतेम ३१ निघतो. दोन्ही व्यवहार अडकून राहतात. दोघांना मिळून ६० चा दर हवा तर एकूण १५,०६० सातोशी लागतात. त्यातले १,१२८ आधीच दिलेले आहेत, म्हणून लेकराने १३,९३२ भरायला हवेत. त्याचा स्वतःचा दर १२७ च्या आसपास जातो. हा आकडा पाहून दचकायला होते, पण तो बरोबर असतो. RBF मध्ये हेच काम ८,४६० मध्ये झाले असते. म्हणून पाठवणाऱ्याच्या हाती दोन्ही मार्ग असतील तर RBF स्वस्त पडते. घेणाऱ्याला मात्र दुसऱ्याचा आदेश बदलता येत नाही, त्याच्यासाठी लेकराचाच मार्ग उरतो.

दोन्ही उपाय एकदम करू नयेत. घेणाऱ्याने लेकरू सोडल्यानंतर पाठवणाऱ्याने जुना आदेश बदलला तर लेकरूही त्याच्याबरोबर बाद होते, आणि बदली आदेशाला त्या दोघांच्या फीच्या बेरजेपेक्षा जास्त फी द्यावी लागते. एकमेकांना फोन करून कोणी काय करायचे ते आधी ठरवले तर हा खर्च टळतो.

एक्स्चेंजमधून काढलेले पैसे अडकतात तेव्हा परिस्थिती वेगळी असते. तिथे सहीची किल्ली एक्स्चेंजकडे असते, त्यामुळे ग्राहकाला RBF करता येत नाही. पहिल्यांदा पाहायचे ते txid मिळाला आहे का. तो मिळालाच नसेल तर आदेश अजून जाळ्यात गेलेलाच नाही, आणि फीचा प्रश्न त्यानंतरचा. txid असेल तर लेकराचा मार्ग मोकळा असतो, पण आकार पाहूनच पाऊल टाकावे. एक्स्चेंज अनेक ग्राहकांच्या रकमा एकाच व्यवहारात पाठवतात. तो ३,००० व्हर्च्युअल बाइटचा असेल आणि दर ८ असेल, तर ६० वर नेण्यासाठी एकट्या ग्राहकाच्या ११० बाइटच्या लेकराला १,६२,६०० सातोशी भरावे लागतील. म्हणजे एकाच्या खिशातून सगळ्यांचे तिकीट. अशा वेळी एक्स्चेंजला txid देऊन फी वाढवायला सांगणे किंवा थांबणे हेच परवडते.

व्यवहाराला वेग देतो असे सांगणाऱ्या सेवाही असतात. त्यांतल्या काही खरोखर मायनरशी जोडलेल्या असतात. त्या वेगळे पैसे घेतात आणि त्यांच्या ब्लॉकमध्ये तो व्यवहार दर न पाहता घालतात. मात्र अशा मायनरचा ब्लॉक येईपर्यंत थांबावेच लागते, म्हणून त्याच्याकडे एकूण ताकदीचा किती हिस्सा आहे याला महत्त्व येते. इतर अनेक सेवा फक्त तोच आदेश पुन्हा जाळ्यात सोडतात. नोडांनी विसरलेल्या व्यवहाराला त्याचा थोडा उपयोग होतो, रांगेत असलेल्याला काहीच नाही. वॉलेटचे बारा किंवा चोवीस शब्द मागणारा मात्र हमखास चोर समजावा. फी वाढवायला ते शब्द दुसऱ्या कोणाला सांगण्याची कधीच गरज पडत नाही.

फी वाढवताना घाईत उलटी चूकही होते. सप्टेंबर २०२३ मध्ये एका अमेरिकी वित्तकंपनीच्या व्यवहारात सुमारे २० बिटकॉइन फी म्हणून गेले, आणि ज्या मायनिंग पूलला ती मिळाली त्याने ती परत केली म्हणून कंपनी वाचली. परत करण्याचे बंधन कोणावरच नसते. म्हणून सही करण्यापूर्वी दराबरोबर एकूण फीचा आकडाही वाचावा, आणि शक्यतो रुपयांत करून पाहावा.

बदली आदेश ब्लॉकमध्ये गेला की एक छोटे काम उरते. आदेश बदलला की txid ही बदलतो. घेणाऱ्याला आधी जो क्रमांक कळवला होता तो शोधला तर आता काहीच सापडत नाही किंवा व्यवहार बदलला गेल्याची नोंद दिसते. पावतीवर, हिशोबाच्या वहीत किंवा एक्स्चेंजच्या तक्रारीत जुना क्रमांक लिहिलेला असेल, तर तिथे नवा घालावा लागतो आणि घेणाऱ्यालाही तोच पाठवावा लागतो.